बिलाआधीचं व्याज

‘बिलच अजून आलेलं नाही, मग व्याज कशाचं लावलंत?’ ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नोकरीला असताना हा प्रश्न मी सतत ऐकला. एका बँकेच्या क्रेडिट कार्ड विभागात, आकारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या टेबलावर मी काही वर्षं होते. डोंबिवलीहून सकाळची लोकल, ठाण्याला उतरून बस, आणि मग संध्याकाळपर्यंत कानाला हेडफोन. मराठीतून बोलायचं आहे म्हणणारे ग्राहक माझ्याकडे यायचे. त्यात ठाणे, कल्याण, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातले लोक जास्त. पुढे रोजची धावपळ सोसेना म्हणून मी कल्याणमधल्या एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात आले. तिथे तीच क्रेडिट कार्डाची बिलं मला कर्जाच्या अर्जांना जोडलेली दिसू लागली. फोनवर ज्या गोष्टीची सुरुवात ऐकली होती, तिचा पुढचा भाग इथे कागदावर दिसला.

हा प्रश्न विचारणारे लोक उधळे किंवा पैसे बुडवणारे नव्हते, ही गोष्ट माझ्या फार लवकर लक्षात आली. उलट बहुतेक जण काटेकोर होते. कार्ड वापरायचं, बिल यायची वाट बघायची, आणि शेवटच्या तारखेच्या आत पूर्ण रक्कम भरून मोकळं व्हायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. कार्डावर एक रुपया व्याज न देता ते राहिले होते आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. मग एखाद्या अडचणीच्या वेळी त्यांनी तेच कार्ड एटीएममध्ये घातलं, पिन दाबला, नोटा घेतल्या. शिरस्त्याप्रमाणे बिलाची वाट बघितली. आणि नेमका तो शिरस्ताच त्यांना महागात पडला.

खरेदीचा नियम लोकांना पाठ असतो. समजा, बिल दर महिन्याच्या १८ तारखेला बनतं आणि पैसे भरायची मुदत पुढच्या ८ तारखेपर्यंत आहे. १९ जूनला घेतलेला मिक्सर १८ जुलैच्या बिलात येतो, आणि त्याचे पैसे ८ ऑगस्टपर्यंत भरले तरी चालतात. जवळजवळ पन्नास दिवस बँकेचा पैसा फुकट वापरायला मिळतो. पण हा पैसा खरोखर फुकट नसतो. त्याची किंमत दुकानदार मोजतो. फडके रोडवरच्या दुकानात वीस हजारांची खरेदी कार्डावर झाली, तर दुकानदाराच्या खात्यात पूर्ण वीस हजार जमा होत नाहीत. साधारण दीड ते अडीच टक्के कापून उरलेले येतात. या कापलेल्या रकमेतला मोठा हिस्सा आपलं कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. बँकेने आपल्यासाठी दीड महिना पैसे अडकवून ठेवायचे आणि वर बक्षिसाचे पॉइंटही द्यायचे, हे त्या हिश्श्यातून भागतं.

एटीएमसमोर आपण उभे राहतो तेव्हा या सगळ्या व्यवहारातून दुकानदार निघून गेलेला असतो. बँकेने नगद वीस हजार आपल्या हातात ठेवले, पण तिला टक्का देणारं कोणीच नाही. उलट यंत्र दुसऱ्या बँकेचं असेल, तर ते वापरल्याबद्दल कार्ड देणाऱ्या बँकेलाच त्या बँकेला पैसे द्यावे लागतात. म्हणजे व्यवहार कार्डाचा दिसतो, पण आत जे आहे ते साधं कर्ज आहे. विनातारण, विनाअर्ज, सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीसुद्धा मिळणारं. कर्जावर व्याज कधीपासून लागतं? पैसे हातात पडल्या दिवसापासून. गृहकर्जाचंही तसंच असतं आणि सोनेतारणाचंही. मी फोनवर हेच सांगायचे, की नोटा बाहेर आल्या त्या क्षणी रिक्षाचा मीटर पडला असं समजा. बिलाची तारीख ही त्यातल्या फक्त एका वळणाची खूण आहे.

यावर हटकून येणारा पुढचा प्रश्न म्हणजे, ‘पण मी तर तुमच्याच बँकेच्या एटीएममधून काढले.’ लोकांच्या मनात डेबिट कार्डाचा नियम असतो. स्वतःच्या बँकेच्या यंत्रातून काढलं तर महिन्याला काही व्यवहार फुकट. हा नियम रिझर्व्ह बँकेने मार्च २००८च्या परिपत्रकातून घडवायला सुरुवात केली. त्यातच लिहिलेलं होतं, की क्रेडिट कार्डावरून रोख काढली किंवा परदेशातल्या एटीएममधून काढली, तर किती आकारायचं ते बँकांनी आपलं आपण ठरवावं. म्हणजे फुकट व्यवहारांची सवलत बचत खात्यातल्या स्वतःच्या पैशांसाठी आहे. क्रेडिट कार्ड पहिल्या दिवसापासून त्या सवलतीच्या बाहेर आहे, मग यंत्र कोणाचंही असो.

एक हिशोब पूर्ण मांडून दाखवते, कारण नुसत्या टक्क्यांवरून काही कळत नाही. माणूस खरा आहे. तारखा आणि रकमा सोप्या पडाव्यात म्हणून मी थोड्या सरळ केल्या आहेत.

तो भिवंडीच्या एका गोदामात सुपरवायझर होता, राहायला दिव्याला. डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून चालत जाता येईल अशी खोली भाड्याने मिळाली होती. डिपॉझिटातले शेवटचे वीस हजार मालकाला रोखच हवे होते, नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार होती. पगार ७ तारखेला. ३ जूनच्या संध्याकाळी त्याने क्रेडिट कार्डावरून दहा-दहा हजार असे दोनदा काढले, कारण ते यंत्र एका वेळी दहा हजारांपेक्षा जास्त देत नव्हतं. त्याच्या बिलावर एकूण मर्यादेखाली ‘कॅश लिमिट’ म्हणून वेगळी रक्कम छापलेली असायची. ती बघून त्याला वाटलं होतं, की ही आपल्याला मिळालेली सोय आहे. खरं म्हणजे ती वेगळी रक्कम नसते. एकूण मर्यादेतलाच जेवढा भाग रोख काढायची परवानगी आहे, तेवढा तो आकडा.

त्याच्या कार्डाच्या अटी तेव्हा बऱ्याच कार्डांवर असायच्या तशाच होत्या. रोख काढण्याचं शुल्क अडीच टक्के, पण कमीत कमी ५०० रुपये. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. शुल्क आणि व्याज दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

आता ‘कमीत कमी ५००’ हे शब्द बघा. दहा हजारांचे अडीच टक्के होतात अडीचशे. पण किमान पाचशे, म्हणून पाचशेच लागले. आणि ते प्रत्येक वेळी लागतात. दोनदा काढले म्हणून हजार, त्यावर जीएसटी १८०, एकूण १,१८०. तेच वीस हजार एकाच वेळी निघाले असते तर पाचशे अधिक नव्वद, म्हणजे ५९०. वीस हजार ही ती रक्कम आहे जिथे अडीच टक्के आणि पाचशे रुपये जुळतात. त्याखाली काढलेल्या प्रत्येक रकमेला खरा दर अडीच टक्क्यांपेक्षा जास्त पडतो. कोणी दोन हजार काढले तर शुल्क आणि कर मिळून ५९० रुपये, म्हणजे जवळजवळ तीस टक्के, आणि तेही व्याज सुरू व्हायच्या आत. ‘थोडेच काढले’ असं सांगणाऱ्या ग्राहकांना हे ऐकून सगळ्यात जास्त धक्का बसायचा.

मग व्याज. वीस हजारांवर वर्षाला ४२ टक्के म्हणजे ८,४०० रुपये, दिवसाला तेवीस. ३ जूनपासून १८ जूनला बिल बनेपर्यंत सोळा दिवसांचे ३६८ झाले, त्यावर जीएसटी ६६. म्हणून १८ जूनच्या बिलात वीस हजारांसोबत शुल्काचे १,१८० आणि व्याजाचे ४३४ आले. एकूण २१,६१४. इथे त्याचा पहिला फोन आला.

‘मॅडम, मी आजवर एक दिवस उशीर केलेला नाही. रेकॉर्ड बघा माझं.’

मी रेकॉर्ड बघितलं. तो खरं बोलत होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं आणि म्हटलं, की व्याज रोज चालू आहे, तेव्हा जमेल तितक्या लवकर भरा. ते त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे. चिडलेला माणूस फोनवर आकडे ऐकतो, सल्ला ऐकत नाही. त्याने नेहमीप्रमाणे ८ जुलैला, शेवटच्या दिवशी, पूर्ण २१,६१४ भरले.

दुसरा फोन जुलैच्या बिलानंतर. ‘तुम्हीच सांगितलेली पूर्ण रक्कम भरली. आता हे ५४३ रुपये कुठून काढलेत?’

हे ५४३ रुपये मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात फसवा भाग वाटतात. जूनचं बिल १८ तारखेपर्यंतचं व्याज धरून छापलेलं होतं. पण पैसे आले ८ जुलैला. मधले वीस दिवस मीटर चालूच होता. त्या वीस दिवसांचे ४६० रुपये आणि त्यावर ८३ रुपये जीएसटी. बिल बनताना बँकेला माहीत नसतं की तुम्ही कोणत्या दिवशी भरणार, म्हणून हे शेपूट पुढच्या बिलातच येऊ शकतं. ‘पूर्ण भरलं, विषय संपला’ असं समजून कित्येक जण पुढचं बिल उघडतसुद्धा नाहीत. कार्ड नेहमी वापरात नसेल तर नाहीच नाही. मग हे पाचशे-सहाशे रुपये थकतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मुदत उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले, तरच विलंब शुल्क लावता येतं आणि थकबाकीची नोंद क्रेडिट ब्युरोकडे पाठवता येते. तीन दिवस ही उदार मुदत आहे, पण ज्याला थकबाकी आहे हेच ठाऊक नाही, त्याला तिचा उपयोग काय? पुढे कल्याणच्या बँकेत मी घरकर्जाचे अर्ज बघायचे, तेव्हा सिबिलच्या अहवालात अशी अगदी किरकोळ रकमेची थकबाकी दिसायची. अर्जदाराला विचारलं की तो मनापासून सांगायचा, ‘ते कार्ड तर मी कधीच क्लिअर केलंय.’

म्हणून रोख काढली असेल तर लागोपाठची दोन बिलं बघायची. पहिल्यात शुल्क आणि व्याज दिसतं, दुसऱ्यात शेपूट. दुसरीही कोरी आली की मगच ते कर्ज फिटलं.

आता त्या सुपरवायझरचा हिशोब पुरा करते. १,१८० शुल्काचे, ४३४ आणि ५४३ व्याजाचे, मिळून २,१५७ रुपये. वीस हजार छत्तीस दिवस वापरण्याची ही किंमत, म्हणजे जवळजवळ अकरा टक्के. आणि हे सगळं उशीर न करता, नुसती किमान रक्कम न भरता, पूर्ण बिल मुदतीत भरूनसुद्धा. मला चुटपुट लागली ती वेगळ्याच गोष्टीची. ७ जूनला त्याचा पगार झाला होता. त्याच दिवशी त्याने वीस हजार कार्डावर भरले असते, तर व्याज पाच दिवसांचं लागलं असतं, करासकट १३६ रुपये. पैसे त्याच्या खात्यात होते. ते महिनाभर तिथेच पडून राहिले, कारण बिल आल्याशिवाय भरायचं नसतं असं त्याच्या हाताला वळण होतं. खरेदीच्या बाबतीत ते वळण शहाणपणाचं आहे. रोखीच्या बाबतीत बिलाची वाट बघण्यात एका दिवसाचाही फायदा नाही.

लवकर भरतानाही एक खाचखळगा आहे. भरलेले पैसे आधी कशात वळते होतात, हे कार्डाच्या अटींत लिहिलेलं असतं. माझ्या पाहण्यातल्या काही कार्डांवर क्रम असा होता: आधी कर, हप्ते आणि शुल्कं, मग व्याज, मग खरेदी, आणि सगळ्यात शेवटी रोख. समजा, त्याच्यावर खरेदीचे बारा हजार आधीच बाकी असते आणि त्याने ‘रोख फेडतोय’ म्हणून वीस हजार भरले असते, तर आधी बारा हजारांची खरेदी फिटली असती आणि रोखीतले जेमतेम आठ हजार. बाकीच्या बारा हजारांवर रोजचं व्याज तसंच चालू राहिलं असतं. अमेरिकेत २००९च्या कार्ड कायद्याने यावर बंधन घातलं. किमान रकमेच्या वर जे भरलं जाईल, ते सगळ्यात महाग बाकीकडे आधी गेलं पाहिजे. आपल्याकडे हे त्या त्या कार्डाच्या अटींवर अवलंबून आहे. म्हणून रोख फेडायची असेल तर कार्डावरची खरेदीसकट सगळी बाकी एकदम भरणं हाच खात्रीचा उपाय. थोडे जास्त गेले तर ते कार्डावर जमा राहतात, कुठे जात नाहीत. आणि पैसे पाठवले ती तारीख नाही, कार्डावर जमा झाले ती तारीख धरली जाते. दुसऱ्या बँकेतून पाठवले तर मध्ये दिवस जाऊ शकतो, हेही हिशोबात घ्यायचं.

पूर्ण भरणाऱ्याची ही गत, तर किमान रक्कम भरणाऱ्याचं काय होतं ते मला सहकारी बँकेत दिसलं. अनेक कार्डांवर किमान देय रक्कम बाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते. वीस हजारांच्या बाकीवर महिन्याचं व्याज ७०० आणि जीएसटी १२६, म्हणजे ८२६. त्याने बाकी झाली २०,८२६, तिचे पाच टक्के १,०४१. हे १,०४१ प्रामाणिकपणे भरले तर मूळ कर्ज घटतं अवघं २१५ रुपयांनी. शिवाय मागचं बिल पूर्ण भरलेलं नसलं की खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. त्या महिन्यात घेतलेल्या किराण्यावरसुद्धा घेतल्या दिवसापासून व्याज. एका अर्जदार बाईंनी नवऱ्याच्या आजारपणात कार्डावरून रोख काढली होती, आणि त्यानंतर घरात आलेलं तांदूळ-तेलही व्याजावर येत होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ‘मी दर महिन्याला भरते हो,’ एवढंच त्या सांगत राहिल्या. त्या भरत होत्या यात शंका नाही. त्यांचं कार्ड सोनेतारणातून एकदम फेडून टाकायला मी सुचवलं. घरात दोन बांगड्या होत्या. सोनं गहाण ठेवायचं म्हटलं की आपल्याकडे घरात सुतक पडल्यासारखं होतं, पण सोन्यावरचं कर्ज वर्षाला साधारण नऊ-बारा टक्क्यांत मिळत असताना करासकट पन्नास टक्क्यांच्या आसपास जाणारं कर्ज अंगावर वागवणं कोणत्याच हिशोबात बसत नाही.

‘हा दर कायद्याला चालतो का?’ असंही लोक विचारायचे, विशेषतः वर्तमानपत्र वाचणारे निवृत्त गृहस्थ. याचं उत्तर मधल्या काळात बदललं. ७ जुलै २००८ रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने निकाल दिला, की मुदतीत पैसे न भरणाऱ्या कार्डधारकाकडून वर्षाला तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. व्याजदर ठरवून बँक आणि ग्राहक यांच्यातल्या कराराच्या अटी बदलण्याचा अधिकार आयोगाला नाही, हे क्षेत्र रिझर्व्ह बँकेचं, असा त्याचा आशय. आणि रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डाच्या व्याजाला आकडा घालून कमाल मर्यादा दिलेली नाही. एप्रिल २०२२च्या निर्देशांत तिने म्हटलं आहे ते असं, की दर खर्चाशी आणि वाजवी परताव्याशी सुसंगत असावेत, किमान रक्कम भरूनही कर्ज वाढत जाईल अशी रचना नसावी, आणि न भरलेली शुल्कं व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज चढवू नये. हा शेवटचा नियम ग्राहकाने लक्षात ठेवावा असा आहे. बिलात व्याज ज्या रकमेवर काढलं आहे तिच्यात जुनं न भरलेलं शुल्क आणि जीएसटी मिसळलेला दिसला, तर लेखी तक्रार करायला जागा आहे. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि त्याला काही पैसे पडत नाहीत.

मी या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना बसले आहे, त्यामुळे मला जे वाटतं ते सरळ सांगते. पहिल्या दिवसापासून व्याज लावणं मला अन्यायाचं वाटत नाही. पैसे दिले त्या दिवसापासून बँकेचेही पैसे अडकतात, आणि रोख काढणाऱ्यांत अडचणीत सापडलेले लोक जास्त असतात, तेव्हा बुडण्याची भीतीही जास्त. दर वाजवीपेक्षा चढा आहे असं मला वाटतं, पण त्यावर मतभेद होऊ शकतो. मला खटकतं ते एवढंच, की पैसे काढताना यंत्रासमोर यातलं काहीच दिसत नाही. त्याचं कारणही आहे. यंत्र एका बँकेचं, कार्ड दुसऱ्या बँकेचं, आणि यंत्राला त्या कार्डाच्या अटी माहीत नसतात. पण पैसे निघाल्यावर मोबाइलवर संदेश तर कार्ड देणारी बँकच पाठवते. ‘तुम्ही १०,००० काढले’ यापुढे ‘शुल्क ५९० रुपये, व्याज आजपासून सुरू, आजच भरल्यास सर्वात कमी’ एवढी एक ओळ घातली असती, तर माझ्या टेबलावरचे निम्मे फोन आलेच नसते. हे मी तिथे असताना वरिष्ठांना लिहून दिलं होतं. आजही माझं म्हणणं तेच आहे.

शुल्काबद्दल एक गोष्ट मात्र लोकांना मी नेहमी सांगायचे. पहिल्यांदाच रोख काढली असेल, आधीचा व्यवहार स्वच्छ असेल, तर शुल्क माफ करण्याची विनंती करून बघावी. मी जिथे होते तिथे एखाद्या वेळी सौजन्य म्हणून शुल्क परत करायची मुभा असायची, पण ती मागणाऱ्यालाच मिळायची. व्याज मात्र माफ होत नसे. त्या सुपरवायझरला एक शुल्क परत मिळालं, दुसरं नाही. आणि यंत्रातून नोटा न येताच कार्डावर रक्कम चढली असेल, तर तो वेगळा विषय. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत आली पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. अशा वेळी मूळ रक्कम परत आली यावर समाधान मानू नये. तिच्यावर लागलेलं शुल्क, व्याज आणि कर हेही उलटलेत का, ते पुढच्या बिलात ओळीने तपासावं.

या सगळ्याला स्टेशनजवळच्या काही दुकानांत एक पळवाट मिळते, आणि ती ठाण्यापासून कल्याणपर्यंत मी ऐकली आहे. मोबाइलच्या दुकानात कार्ड स्वाइप करायचं, दुकानदार दोन-तीन टक्के कापून रोख देतो. वरवर हिशोब बिनतोड दिसतो. वीस हजारांवर चार-सहाशे रुपये, व्याज नाही, वर पन्नास दिवसांची मुदत. याचं कारण आधी सांगितलं तेच आहे. बँकेला ती खरेदी दिसते, म्हणून ती दुकानदाराकडून टक्का घेते आणि दुकानदार तो तुमच्याकडून वसूल करतो. पण ही विक्री खोटी असते. दुकानदार त्याच्या बँकेशी केलेला करार मोडत असतो, आणि कार्डधारकही स्वतःच्या अटी मोडत असतो. एकाच दुकानात गोल आकड्यांचे व्यवहार वरचेवर झाले की ते बँकेच्या नजरेत येतात, आणि कार्ड बंद झालेले ग्राहक मी पाहिले आहेत. त्यांच्याकडून पूर्ण बाकी एकदम मागितली गेली, नेमकी त्यांच्या हातात काहीच नसताना. वर पैशांवरून भांडण झालं तर हातात ना बिल, ना वस्तू.

मग रात्री-अपरात्री अडलेल्याने करायचं काय? एटीएममधून काढूच नका, असं मी कधीच सांगत नाही. दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला असला उपदेश करणं निर्दयपणाचं आहे. आधी एवढंच बघायचं, की समोरचा कार्ड किंवा यूपीआय घेतो का. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर दुकानाचा क्यूआर कोड चालतो, आणि ती खरेदी धरली जाते. माणसाच्या खात्यावर मात्र त्यातून पैसे पाठवता येत नाहीत. बँकेत मुदत ठेव असेल तर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो, ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याजाने. तो आधीच करून ठेवला तर अडचणीच्या रात्री उपयोगी पडतो. कारखान्यात किंवा सरकारी नोकरीत पतपेढी असते, तिचं तातडीचं कर्जही स्वस्त पडतं. यातलं काहीच जमत नसेल तर कार्डावरून काढावेत. एकदाच, लागतील तेवढे सगळे, तुकडे न करता. आणि पैसे येताच, बिल न बघता, कार्डावरची सगळी बाकी भरून टाकावी. वीस हजार एका वेळी काढून पाच दिवसांत परत केले, तर सगळं मिळून सव्वासातशे रुपयांच्या आसपास पडतात. अडल्या रात्रीची ती किंमत मला मान्य करता येते.

हल्ली आमच्या शाखेत कोणी नवं कार्ड घेऊन अटी विचारायला आलं, की मी त्यांना मोबाइलमधलं कार्डाचं ॲप उघडायला सांगते. जानेवारी २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, की एटीएम, दुकान, ऑनलाइन अशा प्रत्येक वापरासाठी कार्ड चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय ग्राहकाच्या हातात द्या. तिथे एटीएमच्या ओळीपुढचं बटण बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. मी ते बंद करून घेते. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आजारी आहे किंवा जे सतत गावाकडे प्रवास करतात, ते कधी कधी चालूच ठेवतात. त्यांच्या कार्डाच्या पाकिटावर मी पेनाने तीन आकडे लिहून देते: शुल्क किमान ५९०, वीस हजारांवर दिवसाला करासकट २७ रुपये, आणि त्यांच्या पगाराची तारीख.